वर्षश्राद्धाचं नातेवाइकांना कसं कळवावं: दिवस, वेळ, जेवण आणि पोशाखाची एक ओळ

अण्णांच्या वर्षश्राद्धाला थोरला भाऊ कर्ता होता आणि नातेवाइकांना कळवायचं काम माझ्याकडे होतं. मी सगळ्यांना लिहिलं, "सकाळी १० वाजता वर्षश्राद्ध, नंतर भोजन." आत्या पावणेदहालाच येऊन बसली. तिला मधुमेह आहे. घरून निघताना तिनं इन्सुलिन घेतलं होतं आणि न्याहारी जेमतेम केली होती, कारण श्राद्धाच्या घरी जेवायचंच आहे, साडेअकरा-बारापर्यंत पान मिळेल, असा तिचा अंदाज होता. आमच्याकडे पहिली पंगत बसली सव्वादोनला. एकच्या सुमारास वहिनीचं लक्ष गेलं तेव्हा आत्याच्या हातातला पाण्याचा पेला थरथरत होता आणि कपाळावर घाम होता. वहिनीनं लगेच साखरेचं पाणी दिलं, पंधरा-वीस मिनिटांत आत्या सावरली. पण माझ्या मनातून ते जात नाही. माझ्या निरोपातला "नंतर" हा शब्दच चुकला होता.

त्यानंतर घरातल्या आणि ओळखीतल्या बऱ्याच वर्षश्राद्धांचे निरोप मी लिहून दिले. ज्यांच्यावर हे काम पहिल्यांदाच आलं आहे त्यांच्यासाठी ते कसं करायचं ते इथे क्रमानं सांगते. यातला धार्मिक निर्णय तुमच्या गुरुजींचा आणि घरच्या रीतीचा. तो समजून घेऊन नातेवाइकांपर्यंत नीट पोचवणं हे आपलं काम.

पहिलं काम: दिवस पक्का करणं

वर्षश्राद्ध तिथीनं होतं, तारखेनं नाही. माणूस गेला त्या क्षणी जी तिथी चालू होती ती त्याची मृत्युतिथी. म्हणून तारखेबरोबर वेळही लागते. रात्री दोन वाजता कोणी गेलं असेल, तर घरात एक जण आदली तारीख सांगतो, दुसरा पुढची. दाखल्यावरची तारीख आणि वेळ दोन्ही गुरुजींना द्या, म्हणजे तिथीचा घोळ होत नाही.

पुढच्या वर्षी ती तिथी त्याच तारखेला येत नाही. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं असतं, त्यामुळे तिथी दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, आणि अधिक महिना आला की अठरा-एकोणीस दिवस पुढे जाते. गणेश चतुर्थीवरून हे चटकन कळतं. ती २०२४ साली ७ सप्टेंबरला होती, २०२५ साली २७ ऑगस्टला आली, आणि २०२६ साली अधिक ज्येष्ठ असल्यामुळे १४ सप्टेंबरला गेली. तुमच्या घरची तिथीही अशीच सरकते. वर्षाच्या मध्ये अधिक महिना आला असेल, किंवा माणूस अधिक महिन्यातच गेला असेल, तर स्वतः हिशेब करू नका. आधी गुरुजींना विचारा आणि मगच कोणाला सांगा.

आता खरी अडचण सांगते, कारण चुका इथेच होतात. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत जी तिथी छापलेली असते ती त्या दिवशीच्या सूर्योदयाची. श्राद्धाला मात्र अपराह्णकाळी असलेली तिथी धरतात. सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचे पाच सारखे भाग केले की त्यातला चौथा भाग म्हणजे अपराह्ण, म्हणजे ढोबळमानानं दुपारी एक-दीड ते साडेतीन-पावणेचार.

एक उदाहरण घेऊ. समजा तिथी मार्गशीर्ष वद्य पंचमी आहे. पंचांगात ती मंगळवारी सकाळी ११:१० ला लागते आणि बुधवारी सकाळी ९:४० ला संपते. बुधवारच्या सूर्योदयाला पंचमी आहे, म्हणून कॅलेंडरवर बुधवारच्या चौकटीत पंचमी छापलेली दिसेल. थंडीचे दिवस आहेत, सूर्योदय सातला आणि सूर्यास्त सहाला धरू. दिवस अकरा तासांचा, म्हणजे प्रत्येक भाग २ तास १२ मिनिटांचा. तीन भाग सोडले की अपराह्ण दुपारी १:३६ ते ३:४८ असा येतो. मंगळवारी त्या वेळी पंचमी आहे, बुधवारी ती सकाळीच संपलेली आहे. म्हणून श्राद्ध मंगळवारी. ज्यानं फक्त चौकट पाहिली त्यानं सगळ्या गोतावळ्याला बुधवारचं सांगितलेलं असतं.

कधी तिथी दोन्ही दिवशी अपराह्णात थोडीथोडी असते, तर कधी एकाही दिवशी नीट सापडत नाही. तेव्हाचे नियम वेगळे आहेत आणि तो निर्णय गुरुजींचाच. तुम्ही एवढंच करा: गुरुजींकडून तिथी, वार आणि तारीख तिन्ही एकत्र लिहून घ्या. निरोपातही तिन्ही लिहा. तीन गोष्टी जुळल्या नाहीत तर कोणीतरी जाणता नातेवाईक फोन करून विचारतो आणि चूक वेळेत सापडते.

उत्तरेकडे राहणारे नातेवाईक असतील तर आणखी एक काळजी घ्या. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांच्याकडे पौर्णिमेला. महाशिवरात्र आपल्याकडे माघ वद्य चतुर्दशी, त्यांच्याकडे तीच फाल्गुन कृष्ण चतुर्दशी. दिवस एकच, महिन्याचं नाव वेगळं. नुसतं "मार्गशीर्ष वद्य पंचमी" लिहिलं तर तिकडचं पंचांग बघणारा माणूस एक महिना आधीचा दिवस धरून बसेल. तारीख लिहिलेली असली की प्रश्नच उरत नाही.

काही घरांत हे कार्य एका दिवसात आटोपत नाही. आदल्या दिवशी अब्दपूर्तीचं श्राद्ध, तिथीला वर्षश्राद्ध, आणि पुढे उदकशांत असा दोन-तीन दिवसांचा क्रम असतो. नातेवाइकांना कोणत्या दिवशी बोलवायचं हे घरात आधी ठरवा. बहुतेक घरं वर्षश्राद्धाच्या दिवशी सगळ्यांना बोलावतात आणि आदला दिवस घरच्यांपुरता ठेवतात. निरोपात एकाच दिवसाचा उल्लेख करा. दोन दिवस लिहिले की निम्मे एका दिवशी येतात, निम्मे दुसऱ्या, आणि दोन्ही दिवशी स्वयंपाकाचा अंदाज चुकतो.

वारकरी घरांत आणि बऱ्याच गावांत "प्रथम पुण्यस्मरण" करतात. सकाळी दहा ते बारा कीर्तन किंवा प्रवचन, बाराला पुष्पवृष्टी, मग महाप्रसाद. तिथे वेळ कीर्तनावर बांधलेली असते, म्हणून सांगणं सोपं जातं. माझं पुढचं बोलणं मुख्यतः घरी होणाऱ्या श्राद्धाबद्दल आहे, पण जेवणाची वेळ वेगळी लिहायची ही गोष्ट तिथेही तितकीच लागू आहे.

दुसरं काम: गुरुजींकडून तीन वेळा काढून घेणं

"गुरुजी, किती वाजता सुरू करायचं?" एवढंच विचारून आपण फोन ठेवतो. मीही तेच केलं होतं. गुरुजी म्हणाले "दहाला येतो", आणि मी तेच सगळ्यांना कळवलं. पण गुरुजी येतात तेव्हा मांडणी सुरू होते, श्राद्ध नाही. आसनं, दर्भ, तीळ, पात्रं, पानं, पाणी हे सगळं लावायला तासभर सहज जातो. त्या वेळी पाहुण्यांना बसून राहण्यापलीकडे काही काम नसतं.

विचारायचे ते तीन प्रश्न असे: मुख्य विधी किती वाजता सुरू होईल? पिंडांना नमस्कार करायला नातेवाइकांना कधी बोलावणार? आणि आमची माणसं पानावर कधी बसतील? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आल्याशिवाय फोन ठेवू नका.

दुपार का होते हे माहीत असलं म्हणजे पाहुण्यांना समजावता येतं. श्राद्ध सकाळी लवकर उरकण्याचं कर्म नव्हे. दिवसाच्या पंधरा मुहूर्तांतला आठवा मुहूर्त म्हणजे कुतप, तो श्राद्धाच्या आरंभाला उत्तम मानतात. वरच्या उदाहरणातल्या अकरा तासांच्या दिवशी एक मुहूर्त ४४ मिनिटांचा, म्हणजे कुतप १२:०८ ते १२:५२. श्राद्धात तीन गोष्टी पवित्र मानल्या आहेत: दौहित्र म्हणजे लेकीचा मुलगा, हा कुतपकाळ आणि तीळ. म्हणून घरात लेकीची मुलं असतील तर त्यांना हक्कानं आणि वेळेवर बोलवा. शाळा आहे म्हणून त्यांना वगळणारी घरं मी पाहिली आहेत, आणि तिथल्या आज्ज्यांना ते लागलेलंही पाहिलं आहे.

कुतपात मुख्य विधी सुरू झाला की ब्राह्मणांची पूजा होते, त्यांना पानं वाढतात, ते जेवतात. पिंडदान कोणाकडे त्यांच्या जेवणाआधी होतं, कोणाकडे जेवणानंतर. हा शाखेप्रमाणे आणि घराप्रमाणे फरक असतो. मग तर्पण, दक्षिणा, गाईचं पान, कावळ्याचं पान. ब्राह्मण पानावरून उठून तृप्त होऊन निघाले की मग घरच्यांची आणि पाहुण्यांची पंगत. हा क्रम मोडून पाहुण्यांना आधी वाढत नाहीत, म्हणूनच दोन वाजतात.

आमच्या मंगळवारच्या उदाहरणात गुरुजींनी सांगितलेल्या वेळा अशा धरू. साडेदहाला मांडणी, साडेअकराला सुरुवातीचे विधी, कुतपात मुख्य संकल्प, पाऊणला ब्राह्मण पानावर, दीडच्या पुढे पिंडदान आणि नमस्कार, दोनच्या आसपास काकबळी, त्यानंतर पंगत. यातून नातेवाइकांना सांगायच्या वेळा दोनच: नमस्कार दीडला आणि भोजन सव्वादोनला. ज्यांना पूर्ण विधीला बसायचं आहे त्यांच्यासाठी साडेअकरा. भावकीतली माणसं, लेकी-जावई साडेअकराला येतात. शेजारी आणि लांबचे नातेवाईक एकपर्यंत आले तरी काही बिघडत नाही.

एक सांगून ठेवते. कावळ्यानं शिवेपर्यंत ताटकळायचं ते दहाव्याला. वर्षश्राद्धाला पान गच्चीवर किंवा अंगणात ठेवून यायचं आणि पुढच्या कामाला लागायचं, असंच आमचे गुरुजी सांगतात. तुमच्याकडे वाट पाहण्याची रीत असेल तर तेवढा वेळ हिशेबात धरा.

तिसरं काम: कोणाला कसं सांगायचं

साधारण पंधरा दिवस आधी सांगा. परगावच्यांना महिनाभर आधी तारीख तरी कळू द्या, तिकिटं काढायची असतात. आणि एक गोष्ट कोणी उघड बोलत नाही: बऱ्याच घरांत वर्षश्राद्ध होईपर्यंत मंगलकार्य करत नाहीत. भावकीत कुणाच्या मुलीचं लग्न ठरत आलेलं असेल तर ते तुमच्या तारखेची वाट पाहत असतात. त्यांना सगळ्यात आधी कळवा.

वडीलधाऱ्यांना फोनच करा. काका, आत्या, मामा, मावशी यांना मेसेज पाठवून काम झालं असं समजू नका. मामाकडच्यांना आईनं स्वतः फोन केला तर फार चांगलं. आमच्या आईला त्या दिवसांत बोलायला जड जायचं, म्हणून मी फोन लावून द्यायची, दिवस-वेळ मी सांगायची आणि मग फोन आईच्या हातात द्यायची. फोन झाल्यावर तोच तपशील लेखी पाठवा. फोनवरचा "मंगळवार" चार दिवसांनी "बुधवार" होतो.

फोनवर येण्याचा आग्रह मात्र करू नका. कोणाला सोयर किंवा सुतक असतं, कोणाच्या घरी नुकतंच लग्न झालेलं असतं, कोणी गरोदर असते, कोणी श्राद्धाचं अन्न घेत नाही. "जमलं तर नक्की या, नाही जमलं तरी आम्ही समजून घेऊ" एवढं म्हणा आणि कारण विचारू नका.

चौथं काम: मजकूर

लग्नपत्रिकेतली वाक्यं इथे चालत नाहीत. "आग्रहाचे निमंत्रण", "सहकुटुंब सहपरिवार येऊन शोभा वाढवावी", "आपली उपस्थिती प्रार्थनीय" ही सगळी मंगलकार्याची भाषा. मोबाइलवर तयार नमुन्यावरून मजकूर बनवताना ती नकळत शिरते. गणपतीचं चित्र, तोरणाची किनार, लाल-केशरी अक्षरं हेही टाळा. पांढऱ्यावर काळ्या किंवा निळ्या अक्षरांतला साधा मजकूर पुरतो. फोटो लावायचा तर एकच, आणि तो ओळखीचा असावा, चष्मा घालून पेपर वाचताना किंवा असाच रोजचा.

पहिल्या बातमीत "शोकाकुल" किंवा "दुःखांकित" लिहिलं होतं, वर्षानंतर तिथे "विनीत" लिहावं. नावाआधी "कै." लावतात, वारकरी घरांत "वै." किंवा "वै. ह. भ. प.". सौभाग्य असताना गेलेल्या बाईच्या नावाआधी "कै. सौ." लिहिण्याची पद्धत आहे. आई हयात असेल तर "विनीत"खाली तिचं नाव सगळ्यात वर लिहा. कर्ता मुलगा असला तरी घरचं मोठं माणूस तीच आहे. तिच्या नावामागे "गं. भा." लावायचं की नाही हे तिला विचारा. आमच्या आईला ते नको होतं, तिनं नुसतं "श्रीमती" लिहायला सांगितलं.

मी लिहिते तो मजकूर असा असतो:

> सप्रेम नमस्कार.
>
> आमचे वडील कै. (पूर्ण नाव) यांचे प्रथम वर्षश्राद्ध मार्गशीर्ष वद्य पंचमी, मंगळवार, दि. (तारीख) रोजी आमच्या राहत्या घरी करण्याचे योजिले आहे.
>
> विधीस प्रारंभ: सकाळी ११:३०
> पिंडांस नमस्कार: दुपारी १:३० च्या सुमारास
> भोजन: दुपारी २:१५ पासून
>
> पूर्ण विधीस बसणे शक्य नसल्यास दुपारी १ वाजेपर्यंत यावे. भोजनास उशीर होणार असल्याने सकाळी न्याहारी करूनच निघावे. औषधाच्या वेळा असणाऱ्यांसाठी घरी हलक्या खाण्याची सोय केली आहे.
>
> बैठक जमिनीवर आहे, खुर्च्याही ठेवल्या आहेत. साधे, फिकट रंगाचे आणि बसायला सोयीचे कपडे असावेत. प्रवासातून थेट येणाऱ्यांनी आहेत त्या कपड्यांत यावे.
>
> कृपया कोणतीही भेटवस्तू आणू नये. किती जण येणार ते (वार)पर्यंत कळवावे, म्हणजे स्वयंपाकाचा अंदाज येईल.
>
> विनीत,
> (आईचे नाव), (मुलांची व सुनांची नावे), (लेकी-जावयांची नावे)
> पत्ता आणि फोन

यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ म्हणजे न्याहारी करूनच निघावे. बऱ्याच जणांना वाटतं की श्राद्धाला जाताना उपाशीच जायचं असतं. उपास कर्त्याला, पाहुण्यांना नाही. हे तुम्ही लिहून कळवल्याशिवाय लोक खाऊन येत नाहीत, कारण स्वतःहून विचारायला त्यांना संकोच वाटतो.

लेकींची नावं "विनीत"खाली असावीत असं माझं ठाम मत आहे. पूर्वीच्या पत्रांत ती नसायची. पण ज्या लेकींनी वर्षभर आईला सांभाळलं त्यांना त्या कागदावर पाहुण्यांच्या बाजूला उभं करू नये.

पाचवं काम: जेवण

दोन स्वयंपाक वेगळे धरा. एक पानाचा, म्हणजे ब्राह्मण, पिंड, गाय आणि कावळा यांच्यासाठीचा. तो घरात, सोवळ्यात किंवा तुमच्या रीतीप्रमाणे. दुसरा पाहुण्यांचा, तो आचाऱ्याकडून आणला तरी चालतो. आम्ही पहिल्या वेळी सगळं घरीच करायला घेतलं. वडे तळता तळता बारा वाजले, गुरुजी पानासाठी थांबले आणि पुढची प्रत्येक वेळ घसरली. पानाचा स्वयंपाक साडेअकरापर्यंत तयार झाला पाहिजे, त्यासाठी तो सहा-सात माणसांपुरताच ठेवा.

पदार्थ घरच्या रीतीनं ठरतात. आमच्याकडे वडे, खीर, अळूची भाजी, आमसुलाची चटणी, कढी आणि गेलेल्या माणसाच्या आवडीचा एक पदार्थ असतो. कांदा-लसूण नाही. काही समाजांत वेगळं असतं आणि ते त्यांच्या जागी बरोबरच असतं. आचाऱ्याला मात्र "श्राद्धाचा स्वयंपाक" एवढंच सांगून थांबू नका. काय चालत नाही ते लिहून द्या, कारण लसूण बहुतेक वेळा फोडणीतून शिरतो.

माणसं मोजताना मी तीन याद्या करते: नक्की येणारे, बहुधा येणारे, आणि फक्त नमस्काराला येऊन जाणारे. मंगळवारच्या उदाहरणात समजा ६२ जणांना कळवलं आहे. ३० जणांनी हो म्हटलं, २० जण "बघतो" म्हणाले, १२ जण नाही म्हणाले. मी ३० आणि वीसांतले बारा-तेरा धरते, म्हणजे ४३. घरची सात माणसं मिळवून पन्नास. पन्नास पानांना साडेचार किलो तांदूळ आणि माणशी तीन हिशेबानं दीडशे वडे पुरतात. वडे कमी पडले तर लगेच कळतं. भात मात्र उरतोच, म्हणून तो दोनदा लावा, दुसरा कुकर पहिली पंगत बसल्यावर. नवीन माणूस हमखास सगळा भात एकदम शिजवतो.

आमच्या बाहेरच्या खोलीत समोरासमोर दोन ओळींत चोवीस पानं बसतात. पन्नास माणसांना दोन पंगती पुरतात, शेवटी वाढणारे दोघं-तिघं उरतात. पहिल्या पंगतीला वयस्कर, लहान मुलं, औषधं असणारे आणि लांब जायचं आहे ते. दुसरीला बाकीचे. ही नावं आदल्या रात्री कागदावर लिहून ठेवा आणि उठवायला एकच माणूस नेमा. नाहीतर ऐन वेळी प्रत्येक जण "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत राहतो आणि ज्यांना खरंच भूक लागली आहे ते मागे पडतात. गुडघे दुखणाऱ्यांसाठी चार टेबलं-खुर्च्या लावा. त्यांना स्वतःला मागायला संकोच वाटतो.

औषधवाल्यांच्या सोयीबद्दल थोडं सविस्तर सांगते. विधीच्या खोलीपासून वेगळ्या खोलीत चहा, दूध, केळी आणि साधी बिस्किटं ठेवा. तिथे घरातलं एक माणूस बसवा, बाहेरचं नको. बारा वाजता त्या माणसानं उठून प्रत्येक वयस्कर पाहुण्याला हळूच विचारायचं, "तुमची गोळी आहे का दुपारची?" आमच्याकडे आता हे काम माझ्या भाच्याकडे असतं. काही घरांत पान होईपर्यंत कोणीच काही खाऊ नये असा कडक दंडक असतो. तुमच्याकडे तसं असेल तर निरोपात वेळा लिहिणं आणखीच गरजेचं, आणि आजारी माणसांना सरळ दीडला बोलवा. आत्याला आम्ही पुढच्या वर्षी तसंच सांगितलं. ती घरी वेळेवर खाऊन आली, नमस्कार केला आणि पहिल्या पंगतीला बसली.

वाढताना आग्रह करायचा नाही. लग्नात जिलबीचा आग्रह शोभतो, इथे नाही. आणि उरलेलं अन्न डबा भरून कोणाला देण्याआधी घरच्या मोठ्यांना विचारा, कारण श्राद्धाचं अन्न बाहेर न देण्याची रीत बऱ्याच घरांत आहे.

सहावं काम: पोशाखाबद्दल दोन शब्द

हे लिहावं की नाही यावर घरात वाद होतो. न लिहिण्याचा परिणाम मी पाहिला आहे. एका घरी नवीन सून, लग्नानंतरचा पहिलाच घरचा कार्यक्रम म्हणून, जरीची भरजरी साडी नेसून आली. कोणीतरी डोळे मोठे केले आणि ती दिवसभर पदर ओढून स्वयंपाकघरात बसून राहिली. तिला कोणी सांगितलंच नव्हतं. एक ओळ लिहिली असती तर तिचा तो दिवस तसा गेला नसता.

त्या ओळीत काय लिहायचं याचं मी ठरवून ठेवलं आहे. "ड्रेस कोड" हा शब्द नको, तो कचेरीतला वाटतो. "भडक कपडे घालू नयेत" असं नकारानं सुरू होणारं वाक्य नको, कारण वाचणारा लगेच विचार करतो की हे मला उद्देशून तर नाही. काय चालेल ते सांगा, आणि त्याला कारण द्या. जमिनीवर बसायचं आहे हे खरं कारण आहे आणि ते कोणालाच टोचत नाही. घट्ट जीन्स घालून दोन तास मांडी घालून बसता येत नाही हे वाचणाऱ्याला आपोआप समजतं.

पांढरेच कपडे घाला असं लिहू नका. ती सक्ती वाटते आणि काही जणींना पांढरी साडी नेसणं मनाला लागतं. फिकट आणि साधे म्हटलं की पुरे. काळ्याबद्दल घराघरात वेगळं मत असतं, तुमच्याकडे चालत नसेल तर फोनवर बोलताना सहज सांगा, लिहून नको. कुंकू, मंगळसूत्र, बांगड्या, गजरा यांबद्दल एक अक्षरही लिहू नका. कोणी काय ल्यावं हे ठरवायचा अधिकार आपल्याला नाही, आणि विधवा बायकांना त्या ओळी फार टोचतात.

कर्त्याचा पोशाख वेगळा. त्याला धूतवस्त्र किंवा सोवळं, आणि ते आदल्या दिवशी धुऊन कोणी शिवणार नाही असं वाळत घालायचं असतं. हे घरातल्या घरात सांगा, नातेवाइकांच्या निरोपात याचं काम नाही. पिंडांना नमस्कार करताना चामड्याचा पट्टा आणि पाकीट बाजूला ठेवण्याची रीत असेल तर दाराजवळ एक टोपली ठेवा. आमच्याकडे भाचा टोपली घेऊन उभा राहतो, बोलावं लागतच नाही.

शेवटचे दोन दिवस

दोन दिवस आधी ज्यांनी काहीच कळवलं नाही त्यांना पुन्हा विचारा, पण एकदाच. आदल्या संध्याकाळी गुरुजींना फोन करून वेळ पक्की करा. त्या दिवशी त्यांच्याकडे दुसरं श्राद्ध असेल, विशेषतः पितृपक्ष असेल, तर वेळ अर्धा-पाऊण तास मागेपुढे होते. तसं झालं तर सगळ्यांना लगेच कळवा.

बदल कळवताना "उद्या अर्धा तास उशीर" असं तुटक लिहू नका. पूर्ण मजकूर बदललेल्या वेळांसह पुन्हा पाठवा आणि वर फक्त "सुधारित वेळ" असं लिहा. दिवसच चुकला असेल, कॅलेंडरची चौकट पाहून बुधवार सांगितला गेला असेल, तर मेसेजवर विसंबू नका. यादी काढून प्रत्येक घरी फोन करा, आणि समोरच्याकडून "मंगळवार" हा शब्द ऐकल्यावरच त्या नावापुढे खूण करा.